स्मार्ट टीव्हीची इंटरनेट जोडणी: वाय-फायचे दोन पट्टे आणि तारेची जोडणी

स्मार्ट टीव्हीची इंटरनेट जोडणी घरातील राउटरशी सामान्यतः तीन मार्गांनी करता येते: २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरील वाय-फाय, ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरील वाय-फाय आणि इथरनेट केबल. अनेक संचांत हे तिन्ही मार्ग उपलब्ध असतात; काही स्वस्त किंवा जुन्या संचांत मात्र केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टाच चालतो. कोणता मार्ग योग्य ठरेल हे राउटर व टीव्ही यांमधील अंतर, मधल्या भिंती, शेजारच्या घरांतील वाय-फाय जाळी आणि टीव्हीवर काय पाहिले जाते, यांवर अवलंबून असते.

मोबाइल किंवा संगणकासाठी जोडणी निवडताना बहुधा कमाल वेगाकडे पाहिले जाते. टीव्हीच्या बाबतीत कमाल वेगाला फारसे महत्त्व नसते. चित्रपट पाहताना टीव्हीला ठराविक वेगाने सतत विदा लागते आणि त्याहून अधिक वेग मिळाला तरी चित्र अधिक चांगले होत नाही. त्यामुळे जोडणीचा वेग तिच्या सर्वांत वाईट क्षणी किती खाली उतरतो, हा येथे निर्णायक प्रश्न असतो.

## टीव्हीला लागणारा वेग आणि बफर

पूर्ण एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ही सेवा ५ मेगाबिट प्रति सेकंद, तर ४के चित्रासाठी १५ मेगाबिट प्रति सेकंद एवढ्या वेगाची शिफारस करते. यूट्यूबची ४के चित्रासाठीची शिफारस २० मेगाबिटची आहे. घरगुती फायबर जोडण्यांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. तरीही १०० मेगाबिटची जोडणी असलेल्या घरात टीव्हीवरचे चित्र अडखळते. त्याचे कारण बफर या संकल्पनेत सापडते.

प्रसारण सेवा चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवते. टीव्ही पुढचे काही तुकडे आधीच मागवून स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. हा साठा म्हणजे बफर. जोडणी मंदावली की टीव्ही साठ्यातून चित्र दाखवत राहतो आणि जोडणी सुधारली की साठा पुन्हा भरून घेतो. साठा संपत आला तर टीव्ही पुढचे तुकडे कमी दर्जाचे मागवतो, म्हणजे चित्र धूसर होते. साठा पूर्ण संपला तर चित्र थांबते आणि पडद्यावर फिरते वर्तुळ दिसू लागते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. १५ मेगाबिट प्रति सेकंद वेग लागणारे ४के चित्र चालू असताना जोडणीचा वेग २० सेकंदांसाठी ६ मेगाबिटवर घसरला, असे समजू. या काळात चित्राला ३०० मेगाबिट विदा लागेल, पण येईल केवळ १२०. उरलेली १८० मेगाबिटची तूट साठ्यातून भरावी लागेल आणि ती १२ सेकंदांच्या चित्राएवढी आहे. चित्रपट पाहताना टीव्हीने ३० सेकंदांचा साठा केलेला असेल, तर ही घसरण प्रेक्षकाच्या लक्षातही येणार नाही. क्रिकेट सामन्याच्या थेट प्रक्षेपणात मात्र पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, त्यामुळे साठा लहान ठेवावा लागतो. तो ८ सेकंदांचा असेल, तर त्याच घसरणीत चित्राचा दर्जा उतरतो किंवा सामना मध्येच थांबतो.

‘चित्रपट नीट चालतो, सामना मात्र अडकतो’ या नेहमीच्या तक्रारीचे हे स्पष्टीकरण आहे. अशा वेळी सेवा पुरवठादाराकडून अधिक वेगाची योजना घेण्याचा कल असतो. पण घसरण राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या टप्प्यात होत असेल, तर योजना बदलूनही काही फरक पडत नाही. मोबाइलवर केलेली वेगचाचणीदेखील या बाबतीत दिशाभूल करू शकते. ती काही सेकंदांचा सरासरी किंवा उत्तम वेग दाखवते, त्यातल्या खाचा दाखवत नाही.

## दोन पट्ट्यांतील फरक

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरींची लांबी साधारणपणे साडेपाच सेंटिमीटर असते. मोकळ्या जागेत, समान अंतरावर आणि समान प्रेषणशक्ती असताना, तशाच प्रकारच्या अँटेनाला ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर मिळणारी शक्ती २.४ गिगाहर्ट्‌झच्या सुमारे एक पंचमांश असते. भिंती आल्या की हा फरक वाढतो. विटांची साडेचार इंची भिंत दोन्ही पट्ट्यांना बऱ्यापैकी पार करता येते. पोलादी सळ्या असलेले काँक्रीटचे स्तंभ व स्लॅब, कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाच्या जाड भिंती, पत्र्याची कपाटे आणि मोठे आरसे हे अडथळे ५ गिगाहर्ट्‌झला विशेष जाचक ठरतात. एका खोलीत भरघोस असलेला ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत दोन भिंतींपलीकडे निम्नतम पातळीवर येतो, त्याचे कारण हेच.

मग ५ गिगाहर्ट्‌झची शिफारस का केली जाते? त्याचे उत्तर जागेच्या मुबलकतेत आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्याची एकूण रुंदी केवळ ८३.५ मेगाहर्ट्‌झ आहे. त्यात १ ते १३ क्रमांकांचे चॅनेल असले, तरी शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर पसरलेले असतात. (येथे चॅनेल म्हणजे लहरींसाठी आखून दिलेली जागा, टीव्हीवरील वाहिनीशी त्याचा संबंध नाही.) परस्परांत न मिसळणारे चॅनेल तीनच निघतात आणि प्रथेप्रमाणे ते १, ६ व ११ हे धरले जातात. याउलट ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ एवढी जागा वाय-फायसारख्या वापरासाठी परवानामुक्त झाली. ती सातपटीहून अधिक आहे.

जागा कमी असण्याचा परिणाम समजण्यासाठी वाय-फायची शिस्त लक्षात घ्यावी लागते. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. प्रत्येक उपकरण आधी ऐकते, कोणी बोलत असेल तर थांबते आणि शांतता झाल्यावर स्वतःची विदा पाठवते. ही शिस्त घरापुरती मर्यादित नसते. त्याच चॅनेलवर शेजाऱ्याचा राउटर बोलत असेल, तर त्याच्यासाठीही थांबावे लागते, मग त्याचे जाळे वेगळे आणि परवलीचा शब्द वेगळा असला तरी. वीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येक घरी एक राउटर असेल, तर तीन चॅनेलांवर वीस राउटर दाटीवाटीने बसतात. रात्री ८ ते ११ या वेळेत सगळ्यांचे टीव्ही चालू असतात आणि नेमकी तेव्हाच रांग लांबते. टीव्हीच्या पडद्यावर २.४ गिगाहर्ट्‌झचा संकेत पूर्ण पट्ट्यांनिशी दिसत असतानाही चित्र अडखळते ते यामुळे. संकेताचे पट्टे आवाज किती मोठा आहे एवढेच सांगतात. बोलायची पाळी किती वेळाने येते हे त्यांवरून कळत नाही.

काँक्रीटच्या भिंतींचा एक लाभही आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शेजाऱ्याच्या घरातून आपल्या घरात फारशा येत नाहीत, त्यामुळे आधीच रुंद असलेला पट्टा आणखी शांत राहतो. भिंतींचा अडथळा हा या पट्ट्याचा दोष मानला जातो. दाट वस्तीत तोच त्याचा गुण ठरतो.

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात वाय-फायखेरीज इतर रहिवासीही आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि त्यातून झिरपणारी अल्प ऊर्जादेखील जवळच्या वाय-फायला त्रास देऊ शकते. ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करते. टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन किंवा साउंडबार जोडला असेल आणि टीव्हीचे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झवर असेल, तर दोन्ही कामे अनेक संचांत एकाच चिपकडे असल्याने आवाज तुटणे किंवा चित्र थबकणे असे प्रकार घडतात. ब्लूटूथ बंद करताच चित्र सुरळीत झाले, तर कारण सापडले असे समजावे. टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झवर किंवा केबलवर नेल्यास हा प्रश्न मुळातूनच सुटतो.

यावरून सर्वसाधारण नियम असा निघतो. राउटर त्याच खोलीत किंवा एका साध्या भिंतीपलीकडे असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा निवडावा. राउटर दूर असेल, वस्ती विरळ असेल आणि एचडी चित्र पुरेसे असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा समाधानकारक चालतो. गावातील स्वतंत्र घरात, जेथे शेजारची जाळी पोहोचतच नाहीत, तेथे या पट्ट्यावर ४के चित्रही विनासायास दिसू शकते.

## नावांचा गोंधळ

अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणता पट्टा वापरायचा हे राउटर व उपकरण मिळून ठरवतात. फिरत्या मोबाइलसाठी ही व्यवस्था सोयीची असते. टीव्ही जागचा हलत नाही. तो सुरू होताना एकदा २.४ गिगाहर्ट्‌झवर जोडला गेला, की बहुधा तेथेच राहतो. यावर सोपा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्यांना वेगळी नावे देणे, उदाहरणार्थ `Ghar_2` आणि `Ghar_5`. मग टीव्हीत हवे ते नाव निवडता येते. नको असलेले नाव टीव्हीच्या स्मृतीतून काढून टाकणेही आवश्यक असते, अन्यथा वीज जाऊन आल्यावर टीव्ही पुन्हा जुन्या जाळ्यावर जाऊ शकतो.

काही राउटर ५ गिगाहर्ट्‌झच्या नावापुढे `5G` अशी अक्षरे आपोआप जोडतात. मोबाइल सेवेच्या पाचव्या पिढीशी त्यांचा काहीही संबंध नाही.

टीव्हीच्या यादीत २.४ गिगाहर्ट्‌झचे नाव दिसते, पण ५ गिगाहर्ट्‌झचे दिसतच नाही, अशीही स्थिती आढळते. याची कारणे मुख्यतः तीन असतात. टीव्हीत ५ गिगाहर्ट्‌झची सोयच नसणे हे पहिले, आणि ते संचाच्या तांत्रिक माहितीवरून तपासता येते. संकेत फार क्षीण असणे हे दुसरे. तिसरे कारण कमी परिचित आहे. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मधला भाग, म्हणजे साधारण ५२ ते १४४ क्रमांकांचे चॅनेल, अनेक देशांत हवामान रडार व इतर रडार यांच्यासोबत वाटून घेतलेला आहे. काही टीव्ही हे चॅनेल ऐकतच नाहीत. राउटरने आपोआप असा चॅनेल निवडला, की मोबाइलला जाळे दिसते आणि टीव्हीला दिसत नाही. राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’ऐवजी ३६, ४०, ४४ किंवा ४८ असा ठरवून दिल्यास टीव्हीला बहुधा जाळे सापडते. जुन्या संचांच्या बाबतीत सुरक्षेची पद्धतही पाहावी लागते. राउटर केवळ `WPA3` वर ठेवला असेल, तर ती पद्धत न जाणणारा टीव्ही नाव दिसूनही जोडला जात नाही.

मोबाइलवरील चित्र टीव्हीवर पाठवण्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच पट्ट्यावर असली पाहिजेत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मोबाइल २.४ गिगाहर्ट्‌झवर आणि टीव्ही केबलवर असला तरी दोन्ही एकाच राउटरच्या एकाच जाळ्यात असतात आणि चित्र पाठवता येते. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर मोबाइल असेल तर मात्र ते सहसा जमत नाही.

## एक उदाहरण

शहरातील दोन शयनखोल्यांची एक सदनिका कल्पिता येईल. फायबरची तार मुख्य दारापाशी आत येते आणि राउटर तेथेच, बैठकीच्या खोलीत, भिंतीवर टांगलेला आहे. टीव्ही आतल्या शयनखोलीत, राउटरपासून ९ मीटरवर आहे. मध्ये एक विटांची भिंत आणि फरशा लावलेली न्हाणीघराची भिंत येते. योजना १०० मेगाबिटची आहे. पाहणाऱ्यांना ४के दर्जाचे थेट सामने हवे आहेत, म्हणजे किमान १५ ते २० मेगाबिट वेग अखंड मिळायला हवा.

टीव्हीच्या जागी उभे राहून मोबाइलवरील वाय-फाय तपासणीच्या ॲपने मोजमाप घेतले जाते. ॲप संकेताची शक्ती डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दाखवते. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत सबळ. दहाने खाली गेला म्हणजे शक्ती एक दशांश झाली. टीव्हीसाठी साधारणपणे उणे ६५ पर्यंतचा संकेत चांगला, उणे ७० काठावरचा आणि उणे ७५ च्या खालचा निरुपयोगी मानता येतो.

या घरात २.४ गिगाहर्ट्‌झचा संकेत उणे ५६ भरतो, म्हणजे उत्तम. दुपारी वेग ४० मेगाबिट मिळतो. रात्री ९ वाजता पाच मिनिटांच्या अंतराने चाचण्या केल्या असता मात्र तो ८ ते ३० यांदरम्यान हेलकावे खातो. शेजारची चौदा जाळी यादीत दिसतात, त्यामुळे दोष गर्दीचा आहे. ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत उणे ७६ आहे. गर्दी जवळजवळ नाही, पण वेग १२ ते ३५ मेगाबिट आहे आणि कोणी खोलीचे दार लावले की तो आणखी घसरतो. दोन्ही पट्ट्यांची सरासरी २० च्या वर आहे. दोन्हींचा तळ मात्र १५ च्या खाली आहे. म्हणजे आहे त्या मांडणीत दोन्ही पट्टे नापास होतात आणि केवळ सेटिंग बदलून काम भागणार नाही.

पहिला उपाय राउटर हलवण्याचा. तो तीन मीटर आत, दोन्ही खोल्यांकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आणला, की टीव्ही आणि राउटर यांच्यामध्ये एकच भिंत उरते. ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत उणे ६५ च्या आसपास येतो आणि रात्रीही वेग ६० मेगाबिटच्या खाली उतरत नाही. गरजेच्या तिप्पट वेग तळाशी शिल्लक राहतो, म्हणून हा उपाय पुरेसा आहे. यात अडचण फायबरची येते. फायबरची तार तीव्र कोनात वाकवता येत नाही आणि ती वाढवण्याचे काम सेवा पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते.

दुसरा उपाय १४ मीटर इथरनेट केबल भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत नेण्याचा. त्याने वेग अखंड ९० मेगाबिटच्या वर राहतो, दार लावले तरी आणि शेजारी किती जण सामना पाहत असले तरी. दोन्हींपैकी राउटर हलवण्याचा लाभ घरातील इतर उपकरणांनाही होतो. केबलचा लाभ टीव्हीला मिळतो, पण तो बिनशर्त असतो. घर भाड्याचे असून भिंतीला हात लावण्याची परवानगी नसेल तर पहिला उपाय घ्यावा. राउटर हलवणे शक्य नसेल तर दुसऱ्याला पर्याय नाही.

## दोष कुठे आहे हे ओळखणे

केबल टाकण्याचा खर्च करण्यापूर्वी दोष घरातल्या वाय-फायचा आहे की बाहेरच्या जोडणीचा, हे तपासणे इष्ट असते. त्यासाठी लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून टीव्ही ज्या पट्ट्यावर आहे त्याच पट्ट्याला जोडावा आणि चित्र अडखळते त्या वेळी पुढील आज्ञा द्यावी. ती विंडोज प्रणालीसाठी आहे. शेवटचा आकडा राउटरचा पत्ता असून तो प्रत्येक घरी वेगळा असू शकतो.

```
ping -n 100 192.168.1.1
```

लॅपटॉप राउटरला शंभर वेळा साद घालतो आणि प्रत्येक उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. निरोगी वाय-फायवर बहुतेक उत्तरे १ ते १० मिलिसेकंदांत येतात. मधूनमधून शंभर-दोनशेचे आकडे दिसत असतील किंवा काही सादांना उत्तरच मिळत नसेल, तर दोष घरातल्या टप्प्यात आहे आणि पट्टा बदलणे किंवा केबल टाकणे उपयोगी पडेल. राउटरकडून उत्तरे सुरळीत येत असतील, पण `8.8.8.8` या बाहेरच्या पत्त्याला हीच आज्ञा दिल्यावर खाचा दिसत असतील, तर दोष बाहेर आहे. तेथे केबलचा काही उपयोग नाही. पुरवठादाराकडे तक्रार करणे हाच मार्ग उरतो.

लॅपटॉप सुरळीत आणि टीव्ही तेवढा अडखळणारा, असेही होते. टीव्हीची अँटेना संचाच्या मागच्या बाजूस असते. संच भिंतीला घट्ट बसवलेला असेल, मागे धातूची चौकट असेल, तर संकेत लॅपटॉपपेक्षा बराच कमी मिळतो. एचडीएमआय खाचेत बसवायच्या काड्यांना हा त्रास अधिक होतो, कारण त्या पडद्याच्या पाठीमागे पूर्ण झाकल्या जातात. त्यांच्यासोबत अनेकदा एक छोटी जोडतार मिळते. ती लावून काडी पडद्याच्या कडेबाहेर आणल्यास संकेतात लक्षणीय सुधारणा होते.

## केबल केव्हा श्रेयस्कर

राउटर टीव्हीखालच्याच कपाटात असेल, तर दोन मीटरची केबल लावण्यास कोणतेच कारण आड येत नाही. त्याने वाय-फायवरील सर्वांत मोठा ग्राहक हवेतून उतरतो आणि मोबाइल-लॅपटॉपना तेवढी जागा मोकळी मिळते. थेट सामने नियमित पाहिले जात असतील, टीव्हीवर ऑनलाइन खेळ खेळले जात असतील किंवा मध्ये काँक्रीटची भिंत वा स्लॅब येत असेल, तेव्हाही केबलच श्रेयस्कर ठरते.

केबलच्या बाजूने बोलताना एक मर्यादा मात्र सांगावी लागते. बहुतांश स्मार्ट टीव्हींची, अगदी महागड्या संचांचीही, इथरनेट खाच १०० मेगाबिटची असते. तिच्यातून प्रत्यक्षात सुमारे ९४ मेगाबिट वेग मिळतो. त्याच टीव्हीचे ५ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय राउटरजवळ असताना दोनशे-तीनशे मेगाबिट दाखवू शकते. त्यामुळे केबल लावल्यावर वेगचाचणीचा आकडा खाली आलेला दिसतो आणि केबल सदोष आहे असा ग्रह होतो. प्रसारण सेवांना ९४ मेगाबिट अनेकपटींनी पुरेसे असल्याने या घसरणीचा चित्रावर काहीही परिणाम होत नाही.

या मर्यादेची झळ एकाच प्रकारच्या वापराला बसते. घरातील संगणकावर किंवा साठवण-यंत्रावर ४के ब्लू-रे तबकडीवरून उतरवलेल्या मूळ दर्जाच्या फायली ठेवून त्या टीव्हीवर पाहणाऱ्यांना काही दृश्यांत १०० मेगाबिटहून अधिक वेग लागतो. तेथे १०० मेगाबिटची खाच अपुरी पडते आणि राउटर त्याच खोलीत असल्यास ५ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय सरस ठरते. काही अँड्रॉइड टीव्हींना यूएसबी खाचेत बसणारा गिगाबिट इथरनेट अडॅप्टर चालतो. खाच यूएसबी २.० ची असली तरी त्यातून १०० मेगाबिटच्या पुष्कळ पुढे जाता येते. सर्वच संच असा अडॅप्टर ओळखत नाहीत, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी खात्री करून घेणे आवश्यक असते.

## केबल टाकताना

घरगुती वापराला कॅट ५ई प्रतीची केबल पुरते. कॅट ६ घेतल्याने टीव्हीला वेगळा लाभ होत नाही. केबलची कमाल लांबी १०० मीटर असल्याने घरात ती मर्यादा आड येत नाही. शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल बाजारात स्वस्तात मिळतात. त्या वारंवार वाकवल्यास आतून तुटतात, म्हणून भिंतीत कायमची बसवायची केबल तांब्याचीच घ्यावी. १०० मेगाबिटच्या जोडणीत केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या वापरल्या जातात. त्यामुळे टोकाशी एखादी न वापरलेली जोडी सुटलेली असूनही टीव्ही व्यवस्थित चालतो, आणि त्याच केबलवर लॅपटॉप जोडल्यावर वेग कमी का, असा प्रश्न नंतर पडतो.

जोडल्यानंतर राउटरच्या त्या खाचेवरील दिवा लागला आहे का, आणि टीव्हीच्या नेटवर्क पानावर तारेची जोडणी दिसते का, हे पाहावे. काही संच केबल लावताच वाय-फाय सोडून देतात. काहींत जोडणीचा प्रकार हाताने बदलावा लागतो आणि तो न बदलल्यास केबल लावूनही टीव्ही वाय-फायवरच चालत राहतो.

केबल विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. विद्युतसुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचे असते आणि विजेच्या तारांचा व्यत्ययही येऊ शकतो. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना केबल इमारतीच्या बाहेरून, सज्जावरून किंवा गच्चीवरून नेण्याची पद्धत रूढ आहे. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळल्यास अशा केबलमध्ये विद्युतदाबाची लाट निर्माण होऊन टीव्ही व राउटर या दोहोंच्या खाचा जळू शकतात. बाहेरून जाणे अटळ असेल तेथे धातूची तार नसलेले फायबर वापरणे सुरक्षित असते. ते शक्य नसल्यास दुसऱ्या मजल्यावरच्या टीव्हीला वाय-फायवर ठेवून चित्राचा दर्जा एचडीपुरता मर्यादित करणे अधिक शहाणपणाचे ठरते.